अंगठा, जीभ आणि अरुंद होणारा वरचा जबडा

समजा, चार वर्षांची मुलगी आहे. दिवसा ती अंगठ्याला हात लावत नाही, पण रात्री उजवा अंगठा तोंडात घेतल्याशिवाय तिला झोप येत नाही आणि आई उठवते तेव्हाही तो तोंडातच असतो. तिला दाढा घट्ट मिटायला सांगितलं तर वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत फट उरते. तिचा तोच अंगठा बाकीच्या बोटांहून जास्त स्वच्छ आणि सुरकुतलेला दिसतो. दंतवैद्य बऱ्याचदा दातांच्या आधी मुलांचे हात बघतात, ते यासाठी.

आईवडलांना वाटतं की मूल अंगठा जोरात ओढतं म्हणून दात पुढे येतात. खरं तर दाताला जागेवरून हलवायला फार जोर लागत नाही. हलका दाब पुरतो, पण तो दिवसाचे चार-सहा तास तरी टिकावा लागतो. म्हणून दुपारी दहा मिनिटं चटाचटा आवाज करत अंगठा चोखणाऱ्या मुलाचे दात सरळ राहू शकतात, आणि रात्रभर नुसता अंगठा तोंडात ठेवून शांत झोपणाऱ्या या मुलीचे दात सरकतात. अंगठा वरच्या दातांना बाहेर रेटतो, खालच्यांना आत ढकलतो आणि दोघांच्या मध्ये अडसर होऊन त्यांना पुरतं वर-खाली येऊ देत नाही. तोंड थोडं उघडंच राहिल्यामुळे दाढांना मात्र मोकळीक मिळते, त्या जरा जास्त वाढतात आणि पुढची फट आणखी रुंदावते.

ही फट सगळ्यांना दिसते, म्हणून सगळ्यांना तिचीच काळजी. मला विचाराल तर जास्त काळजी करावी ती न दिसणाऱ्या गोष्टीची. एरवी तोंड मिटलेलं असताना जीभ वर टाळूला टेकलेली असते आणि वरच्या दाढांना आतून आधार देते, गाल बाहेरून दाबतात. या दोन दाबांत वरच्या जबड्याची रुंदी राखली जाते. अंगठा किंवा चोखणी तोंडात असली की जीभ खाली दबते. आतला आधार जातो, चोखताना गाल मात्र आत ओढले जातात. महिन्यामागून महिने असं झालं की वरचा जबडा सुळ्यांपाशी आणि दाढांपाशी अरुंद होतो आणि टाळू खोल दिसू लागतो. खाली पडून राहिलेली जीभ खालचे सुळे उलट बाहेर सारते.

मग वरचे दात खालच्यांच्या बाहेर बसायचे ते टोकाला टोक भिडू लागतात. हे मुलाला अवघड जातं, म्हणून ते मिटताना जबडा एका बाजूला सरकवून चावतं आणि त्या बाजूच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसतात. याला क्रॉसबाइट म्हणतात. घरीही ओळखता येतो: मूल सावकाश तोंड मिटत असताना समोरून पाहा. शेवटच्या क्षणी हनुवटी बाजूला सरकली आणि वरच्या-खालच्या दातांच्या मधल्या रेषा जुळल्या नाहीत, तर दाखवून घ्या. वाढीच्या वयात जबडा वर्षानुवर्षं तिरका मिटत राहिला, तर त्याच्या दोन बाजू सारख्या वाढत नाहीत.

अंगठा आणि चोखणी यांत थोडा फरक आहे. अंगठ्याने वरचे दात पुढे येण्याचं प्रमाण जास्त दिसतं, तर चोखणीने क्रॉसबाइटचं. ‘ऑर्थोडॉन्टिक’ असं लिहिलेली महागडी चोखणीही तासन्‌तास तोंडात राहिली तर हेच करते. चोखणीच्या बाजूनेही एक गोष्ट आहे: तान्ह्या बाळाला झोपताना ती दिल्याने झोपेत होणाऱ्या अचानक मृत्यूचा धोका कमी होतो, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात. अंगावरचं दूध नीट सुरू झाल्यावरच ती द्यावी, असंही ते म्हणतात. पुढे सवय सोडवायची वेळ आली की चोखणी काढून घेता येते, अंगठा हाताबरोबरच राहतो.

तिथल्याच बालदंतवैद्यांच्या संघटनेच्या मते सवय तीन वर्षांपर्यंत सुटावी. या मुलीची सवय आता सुटली, तर सहा-सात वर्षांच्या सुमारास कायमचे पुढचे दात येण्याआधी ती फट बहुधा आपोआप भरून येईल. अरुंद जबड्याबद्दल मात्र तशी खात्री देता येत नाही. अंगठ्याला कडुनिंब फासून किंवा चारचौघांत हसून मूल फक्त लपून चोखायला शिकतं. मुलाला स्वतःला सोडायचं असेल, तर झोपताना हातमोजा किंवा कोपराला सैल गुंडाळलेलं इलॅस्टिक बँडेज उपयोगी पडतं, कारण अंगठा झोपेत नकळत तोंडात जातो आणि कोपर वाकताना तो किंचित अडतो.

क्रॉसबाइट राहिलाच, तर दाढांना बसवलेल्या तारेने वरचा जबडा काही महिन्यांत रुंद करता येतो. टाळूच्या मधोमध दोन हाडांचा सांधा असतो आणि या वयात तो अजून पक्का जुळलेला नसतो, म्हणून हलक्या दाबानेही काम होतं. विशीतल्या माणसात तोच सांधा उघडायला पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते.