आठ बिटांत उणे पाच

संगणकाच्या मेमरीत वजाचे चिन्ह नसते. असतात ती फक्त शून्ये आणि एक. आठ बिटांच्या एका बाइटमध्ये त्यांच्या २५६ मांडण्या होतात. मग उणे पाच लिहायचे कसे?

चटकन सुचते ते असे: सर्वांत डावीकडचा बिट चिन्हासाठी राखायचा, तो १ असला की संख्या उणे. पाच म्हणजे ०००००१०१, तेव्हा उणे पाच १००००१०१. वाचायला सोपे आहे, पण या दोघांची सरळ बेरीज करून पाहा. उत्तर येते १०००१०१०, म्हणजे याच पद्धतीने उणे दहा! बेरीज करणाऱ्या सर्किटला चिन्ह बघून वेगळे वागावे लागेल. शिवाय शून्यही दोन होतात, एक अधिक आणि एक उणे.

टूज कॉम्प्लिमेंट पद्धत प्रश्नच वेगळा विचारते: पाचमध्ये कोणती मांडणी मिळवली की आठही बिट शून्य होतील? ती शोधायची युक्ती फार सुंदर आहे. ०००००१०१ चे सगळे बिट उलटे करा: १११११०१०. मूळ संख्या आणि ही उलटी संख्या मिळवली तर प्रत्येक जागी १ येणारच, म्हणजे ११११११११. त्यात आणखी एक मिळवला की हातचा डावीकडे सरकत सरकत आठव्या जागेच्याही बाहेर पडतो आणि मागे फक्त शून्ये उरतात. म्हणून बिट उलटे करा आणि एक मिळवा: १११११०११. हीच उणे पाच.

```
  ०००००१०१
+ १११११०११
----------
१ ००००००००
```

नववा बिट ठेवायला जागाच नाही, तो गळतो. वजाबाकीसाठी वेगळे यंत्र लागत नाही, बेरजेचेच पुरते.

उलट वाचायचे असेल तर डावीकडच्या बिटाची किंमत −१२८ धरा. बाकीच्यांच्या नेहमीच्याच ६४, ३२, १६, ८, ४, २, १. १११०११०० म्हणजे −१२८ + ६४ + ३२ + ८ + ४, अर्थात −२०. यावरून व्याप्तीही कळते. सर्वांत लहान १०००००००, म्हणजे −१२८. सर्वांत मोठी ०१११११११, म्हणजे १२७. उणे बाजूला एक संख्या जास्त आहे, कारण शून्याने अधिक बाजूची एक मांडणी घेतली आहे. त्यामुळेच −१२८ चे बिट उलटे करून एक मिळवला तर पुन्हा −१२८ च येते. १२८ ला इथे घर नाही.

मर्यादा ओलांडली की घोटाळा होतो. १०० आणि ५० मिळवा: ०११००१०० आणि ००११००१० यांची बेरीज १००१०११०. डावीकडे १ आला, म्हणून हे वाचले जाते −१०६. ओळखायची खूण सोपी आहे: दोन धन संख्यांची बेरीज ऋण आली किंवा दोन ऋण संख्यांची धन आली, तर उत्तर आठ बिटांत मावलेले नाही. एक धन आणि एक ऋण असेल तर ही भीती नाही, कारण त्यांची बेरीज त्या दोघांच्या मधेच कुठेतरी पडते.