कारेनिनचे कान

पीटर्सबर्गच्या स्टेशनावर गाडी थांबते. ॲना कारेनिना मॉस्कोहून परतली आहे. फलाटावर तिला घ्यायला नवरा आला आहे, आणि तिचं पहिलं लक्ष जातं ते त्याच्या कानांकडे. टोपीच्या कडेला टेकलेले ते कान तिला एकाएकी खटकतात. आठ-नऊ वर्षांच्या संसारात जे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं, ते आज भरलं.

टॉलस्टॉयच्या कादंबरीच्या पहिल्या भागातल्या तिसाव्या प्रकरणातली ही जागा. वाचताना आपल्याला वाटतं की अलेक्सी कारेनिन हा माणूसच कुरूप आणि शुष्क आहे. वर्णन तृतीयपुरुषी आहे, ‘मी’ कुठेच नाही, त्यामुळे ते वस्तुस्थितीसारखं वाटतं. पण कान काही बदललेले नाहीत. बदलली आहे बघणारी. कालच वाटेतल्या एका स्थानकावर, हिमवादळात, व्रॉन्स्की तिच्यासमोर उभा राहून बोलला होता. ते बोलणं मनात घेऊन उतरलेल्या बाईला नवरा जसा दिसेल, तसा तो आपल्याला दिसतो.

बोलतो कोण आणि बघतो कोण, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी 1972 साली ही फोड स्पष्टपणे मांडली आणि बघण्याच्या बाजूला ‘फोकलायझेशन’ असं नाव दिलं. आपण एरवी ‘निवेदक’ म्हणतो तो बोलणारा. पण निवेदक एकच राहूनही डोळे बदलू शकतात. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी ‘मी’ म्हणून सांगतात. तिथे बोलणाराच बदलतो आणि वाचक आपोआप सावध होतो, कारण ‘मी’ म्हणणारा माणूस स्वतःची बाजू मांडणार हे कुणालाही कळतं. तृतीयपुरुषी कादंबरीत ही सावधगिरी राहत नाही. आवाज तोच, शांत आणि जाणता असतो, आणि त्या आवाजाआड नजर एका पात्राकडून दुसऱ्याकडे गेलेली असते.

हे अगदी जवळून बघायचं तर एक साधा प्रसंग घेऊ.

‘सुमन दार ढकलून घरात शिरली. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. ती तशीच स्वयंपाकघरात गेली.’

आता तोच प्रसंग पुन्हा: ‘इंदिराबाई तिसऱ्यांदा सुईत दोरा ओवायला बघत होत्या. दार वाजलं. मान वर केली असती तर सुईचं भोक पुन्हा हरवलं असतं. सून आत आली आणि एक शब्दही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली.’

दोन्हीकडे निवेदन तृतीयपुरुषी आहे आणि खोटं कुठेच काही नाही. पहिल्यात सासू तुसडी वाटते, दुसऱ्यात सून. मराठीत ही नजर कुठे आहे ते ओळखायच्या खुणा फार बारीक आहेत. पहिल्या उताऱ्यात सुमनला नाव आहे आणि दुसरी बाई फक्त ‘सासूबाई’ आहे. दुसऱ्यात उलट झालं: नाव इंदिराबाईंना मिळालं आणि सुमनची ‘सून’ झाली. जिच्या डोळ्यांनी बघायचं तिला नाव, समोरचीला नातं. दुसरी खूण ‘येणं-जाणं’. ‘सून आत आली’ म्हटलं की बघणारं माणूस आत आहे. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे कुणाच्या मनातलं आपल्याला कळतं. सुईचं भोक हरवण्याची धास्ती फक्त इंदिराबाईंनाच ठाऊक असू शकते.

टॉलस्टॉय हे प्रकरणांच्या पातळीवर करतो. ‘ॲना कारेनिना’ 1875 ते 1877 या काळात एका रशियन मासिकात क्रमशः आली. आठ भाग, दोनशे एकोणचाळीस प्रकरणं, आणि बहुतेक प्रकरणं चार-पाच पानांची. ही छोटी प्रकरणं माझ्या मते या कादंबरीचं मुख्य हत्यार आहे. दार उघडायचं, एका माणसाच्या मनात आपल्याला बसवायचं, आणि आपण तिथे रुळतोय तोवर उठवून दुसरीकडे न्यायचं.

कानांचा नवरा आपल्या मनात पक्का बसलेला असताना दुसऱ्या भागाचं आठवं प्रकरण येतं. एका मेजवानीत ॲना आणि व्रॉन्स्की वेगळ्या टेबलाशी बसून रंगून बोलत होते. कारेनिनला त्यात वावगं वाटलं नव्हतं, पण इतरांना वाटलं हे त्याने पाहिलं. तो घरी येतो, झोपत नाही, खोल्यांमधून येरझाऱ्या घालतो. जेवणघराच्या लाकडी जमिनीवर पावलं वाजतात, दिवाणखान्याच्या गालिच्यावर विरतात, मग तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परततात. आपण त्याच्याबरोबर चालतो. आयुष्यात पहिल्यांदाच तो असा विचार करू बघतो की बायकोचं स्वतःचं असं मन असेल, तिच्या स्वतःच्या इच्छा असतील. हा विचार त्याला इतका भयंकर वाटतो की तो तो झटकून टाकतो. दरीवरच्या पुलावरून निर्धास्त चालणाऱ्या माणसाला पूल तुटलेला दिसावा, तशी टॉलस्टॉय त्याची अवस्था सांगतो.

इथे वाचकाची पंचाईत होते. आपल्याला तो अजूनही आवडलेला नाही. पण ज्या माणसाच्या रात्रीच्या येरझाऱ्या आपण मोजल्या, त्याला नुसतं ‘कान’ म्हणून मोडीत काढता येत नाही. पुढच्याच प्रकरणात ॲना घरी येते. आपण अजून त्याच्या नजरेत आहोत. एरवी तो पाच मिनिटं उशिरा झोपायला गेला तरी ती कारण विचारायची. आज तिला काही विचारावंसंही वाटत नाही, हे त्याला जाणवतं आणि त्याच्यामार्फत आपल्यालाही टोचतं. आणि प्रकरण संपता संपता नजर तिच्याकडे जाते: प्रेम म्हणजे काय हे या माणसाला ठाऊक तरी आहे का, असं तिच्या मनात येतं. चार पानांत दोघांचंही खरं वाटतं.

घोड्यांच्या शर्यतीत तर एकच घटना दोनदा घडते. पंचविसाव्या प्रकरणात आपण व्रॉन्स्कीबरोबर घोडीवर आहोत: वेग, खंदक, एक चुकीची हालचाल, आणि त्या घोडीचं पाठीचं हाड मोडतं. अठ्ठाविसाव्यात तीच शर्यत प्रेक्षकांच्या सज्जातून दिसते. कारेनिनला घोड्यांमध्ये रस नाही, त्याची नजर प्रेक्षकांवरून फिरत फिरत बायकोच्या चेहऱ्यावर थांबते. तिचा हात पंख्यावर आवळलेला आहे, ती श्वास रोखून एकाच स्वाराकडे बघते आहे. नको वाटत असतानाही तो त्या चेहऱ्यावरून सगळं वाचतो. व्रॉन्स्कीचं पडणं आता आपल्याला मैदानात दिसत नाही, तिच्या चेहऱ्यावर दिसतं. ज्या घटनेत आधी आपला जीव व्रॉन्स्कीसाठी टांगला होता, तीच घटना आता एका नवऱ्याची भर गर्दीतली मानहानी होऊन बसते.

कुणाच्या मनात शिरलं की त्याच्याबद्दल कणव वाटणारच, असा समज मात्र चुकीचा आहे. ॲनाने कबुली दिल्यानंतर तिसऱ्या भागातलं तेरावं प्रकरण पूर्ण कारेनिनच्या मनात घडतं, आणि तिथे तो मनातून उतरतो. द्वंद्वयुद्ध, घटस्फोट, वेगळं राहणं असे पर्याय तो कचेरीतल्या फायली चाळाव्यात तसे तपासतो, प्रत्येकात आपली अब्रू किती राहते ते बघतो आणि शेवटी तिने शिक्षा भोगावी या इच्छेला धर्मकर्तव्याचं नाव देतो. बाहेरून पाहिलं असतं तर तो निदान मूकपणे सोसणारा वाटला असता. आत गेल्यामुळेच त्याची लबाडी कळते, जी त्याला स्वतःला कळत नाही. नजर त्याची आणि शब्दांची निवड लेखकाची, या दोहोंत फट पडली की आपण सहानुभूतीकडून निवाड्याकडे सरकतो.

चौथ्या भागात चक्र पुन्हा फिरतं. ॲना बाळंतपणाच्या तापात मरणाच्या दारी आहे आणि कारेनिन तिला, व्रॉन्स्कीलाही, मनापासून क्षमा करतो. त्यानंतरचा एकोणिसाव्या प्रकरणातला एक तपशील मला या सगळ्या कादंबरीत सर्वांत मोलाचा वाटतो. नवजात मुलगी त्याची नाही, तिच्याकडे बघायला कुणाला सवड नाही. तो पाळण्याशी जाऊन अर्धा अर्धा तास बसतो आणि तिच्या सुरकुतलेल्या लालसर चेहऱ्याकडे बघत राहतो. हे घरात कुणी लक्ष देऊन पाहत नाही. पाहतो फक्त वाचक.

आणि मग टॉलस्टॉय दार लावून घेतो. पाचव्या भागात कारेनिनचं एकटेपण आपण आतून पाहतो, त्याचं पोरकं बालपणही कळतं. पण सातव्या भागात, ॲनाच्या घटस्फोटाचा निर्णय व्हायच्या वेळी, आपण तिचा भाऊ स्तिवा याच्या डोळ्यांनी त्या दिवाणखान्यात बसलो आहोत. तिथे कारेनिन एका फ्रेंच भोंदूच्या झोपेतल्या बडबडीवर श्रद्धा ठेवून आहे, आणि त्या बडबडीवरून तो नकार देतो. पाळण्याशी बसणाऱ्या माणसाच्या मनात या वेळी काय चाललं होतं? एक ओळ नाही. उलट पुढच्या काही प्रकरणांत आपण ॲनाच्या इतके आत आहोत की रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या, अनोळखी चेहरे, सगळं तिच्या विखुरलेल्या विचारांतूनच दिसतं. आता तिचा न्याय करायला आपल्याकडे बाहेरची जागाच उरत नाही. त्याच वेळी कारेनिनच्या आत आपल्याला नेलं असतं, तर शेवटची ती गाडी आपण इतक्या एकाकी मनाने गाठली नसती.

शेवटच्या भागात कारेनिन एकदा येतो, तोही व्रॉन्स्कीच्या आईच्या बोलण्यात. ती ॲनाचा तिरस्कार करणारी बाई. रेल्वेच्या डब्यात बसून ती सांगते की तो अंत्यविधीला आला होता, त्याला काय, तो तर सुटला, आणि जाताना त्या छोट्या मुलीला घेऊन गेला. तिच्या लेखी ती व्रॉन्स्कीच्या नुकसानीतली एक बाब आहे. पाळणा तिने पाहिलेला नाही.