दलालीची वही

माझा भाचा सकाळी सव्वानऊला मोबाइल घेऊन बसायचा. निफ्टीचे ऑप्शन घ्यायचे आणि दहा मिनिटांत विकायचे, असे दिवसाला सहा सौदे. भांडवल ऐंशी हजार. “मामा, निम्मे सौदे तर बरोबर येतात, मग पैसे जातात कुठे?”

आम्ही वही काढली. खरेदीला वीस आणि विक्रीला वीस रुपये दलाली, म्हणजे सहा सौद्यांचे २४०. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २८३. महिन्याच्या वीस दिवसांचे ५,६६४. म्हणजे एक रुपया मिळवण्याआधीच भांडवलाचे सात टक्के गेले, आणि त्यात अजून एसटीटी धरलेला नाही! सेबीच्या २०२४च्या अहवालानुसार तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक सौदेकऱ्यांना तोटाच झाला. तो वाचून पोरगा गप्प झाला.

आता तो निफ्टी इंडेक्स फंडात दरमहा पाच हजारांची एसआयपी करतो. फंडाचा खर्च वर्षाला शंभराला वीस पैसे. इथेही घसरण चुकत नाही. मार्च २०२०मध्ये निफ्टी काही आठवड्यांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कोसळला होता. म्हणून बहिणीच्या लग्नाचे पैसे त्याने बँकेत मुदत ठेवीतच ठेवलेत.

सव्वानऊला हात मात्र अजून मोबाइलकडे जातो.