गल्फच्या नोकरीचा करार सही करण्याआधी कसा वाचावा

नागपूर-हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरचा रस्ता जिथे फुटतो, त्या जामच्या चौकात कामाचा निरोप लवकर पोहोचतो. सूतगिरणीचा असो, ऊसतोडीचा असो की सौदीचा. सौदीचा किंवा दुबईचा निरोप आणणारा माणूस बहुधा ओळखीचाच असतो. कुणाचा साळा, कुणाचा जुना ठेकेदार. म्हणून त्याला कागद मागायला लाज वाटते. या लेखात ते कागद कोणते आणि त्यांतले आकडे कसे मांडून पाहायचे, एवढेच सांगितले आहे. उदाहरण सौदी अरेबियातल्या बांधकाम हेल्परचे घेतले आहे. पोडावरच्या आणि टोल्यावरच्या मुलांना बहुधा अशाच कामाचा निरोप येतो.

सुरुवात पासपोर्टपासून करू. जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टमध्ये 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असे छापलेले असते. बोलताना याला ईसीआर पासपोर्ट म्हणतात. असा पासपोर्ट असलेला माणूस सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, अमिराती, मलेशिया अशा ठरावीक १८ देशांत कामासाठी जात असेल, तर जाण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. हा नियम १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याचा आहे. हे अधिकारी मुंबईतही बसतात. पण अर्ज आता emigrate.gov.in या सरकारी पोर्टलवरून होतो, आणि तो आपण नाही, परवानाधारक रिक्रूटिंग एजंट भरतो.

ही मंजुरी म्हणजे नुसता शिक्का नव्हे. ती मिळायची तर परदेशातल्या मालकाने पोर्टलवर नोंदणी केलेली असावी लागते. त्याने किती माणसे, कोणत्या कामाला, किती पगारावर हवीत हे तिथे लिहिलेले असावे लागते. पगार आपल्या सरकारने त्या देशासाठी आणि त्या कामासाठी ठरवलेल्या किमान रकमेपेक्षा कमी चालत नाही. कामगाराचा 'प्रवासी भारतीय बीमा योजने'चा विमाही काढावा लागतो. दोन वर्षांसाठी त्याचा हप्ता २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास त्यातून १० लाख रुपये मिळतात. म्हणजे मंजुरी झाली की आपल्या मुलाचे नाव, मालकाचे नाव आणि पगाराचा आकडा सरकारच्या नोंदीत राहतो. पुढे भांडण झाले तर दूतावास हीच नोंद उघडून पाहतो.

दलालाला नेमके हेच टाळायचे असते. तो म्हणतो, "टूरिस्ट व्हिसावर पाठवतो, तिकडे गेल्यावर कामाचा करून देतो, मंजुरीची भानगडच नाही." फिरायला जाणाऱ्याला मंजुरी लागत नाही, हे त्याचे म्हणणे खरे आहे. पण फिरायला गेलेल्या माणसाला तिकडे काम करण्याचा हक्कही नसतो. त्याचा करार कुठेही नोंदलेला नसतो आणि विमाही नसतो. व्हिसाची मुदत संपली की दंड सुरू होतो. अमिरातीत तो दिवसाला ५० दिरहम आहे. मग पगार मागायला तोंड उरत नाही. टूरिस्ट किंवा व्हिजिट व्हिसाचे नाव निघाले की बोलणे तिथेच थांबवावे. या एका बाबतीत 'बघू या' असे काही नसते.

आता दलाल कोण, हे पाहू. परदेशी नोकरीसाठी माणसे भरण्याचा परवाना परराष्ट्र मंत्रालय देते, आणि तो ठरावीक नावाला आणि ठरावीक पत्त्याला असतो. गावात फिरणाऱ्या 'सब-एजंट'ला कायद्यात जागा नाही. तो म्हणेल, "आमची मुंबईची कंपनी आहे." त्याला कंपनीचे पूर्ण नाव आणि परवाना क्रमांक कागदावर लिहून मागावा. मग मुलाने मोबाइलवर ई-मायग्रेट पोर्टल उघडून परवानाधारक एजंटांच्या यादीत ते नाव शोधावे आणि परवाना चालू आहे की रद्द झाला आहे, तेही पाहावे. नाव सापडले तरी काम संपत नाही. त्या कंपनीच्या पोर्टलवरच्या पत्त्यावर किंवा फोनवर विचारावे की हा माणूस तुमचा आहे का आणि अमुक मालकाची मागणी तुमच्याकडे आहे का. दुसऱ्याच्या परवान्याची झेरॉक्स दाखवून पैसे घेणारे पुष्कळ आहेत.

परवानाधारक एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये घेता येतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३५,४०० होतात. त्याची पावती द्यावी लागते. गावात मात्र लाख-दीड लाख सांगितले जातात आणि तेही रोख.

आता एक करार मांडून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण असे करार नेहमी दिसतात. दलाल म्हणतो, "महिना ४३ हजार." करारात लिहिलेले असते मूळ पगार १,२०० रियाल, जेवणभत्ता ३०० रियाल, राहायला खोली मालकाची, करार दोन वर्षांचा. हिशेबासाठी रियाल २३ रुपयांचा धरू. म्हणजे १,५०० रियालचे ३४,५०० रुपये. मग ४३ हजार आले कुठून? दलालाने रोज दोन तास ओव्हरटाइम धरला. सौदीच्या कायद्यात दिवसाचे आठ तास असतात, आणि त्यापुढच्या तासाला नेहमीचा तासाचा पगार अधिक मूळ पगाराच्या दराचा निम्मा हिस्सा मिळतो. १,२०० रियालला महिन्याच्या २४० तासांनी भागले की तासाला ५ रियाल पडतात, म्हणून ओव्हरटाइमचा तास साडेसात रियालचा. २६ दिवसांचे ५२ तास, म्हणजे ३९० रियाल. सगळे मिळून १,८९० रियाल, म्हणजे ४३,४७० रुपये. आकडा खोटा नाही. पण ओव्हरटाइम मिळेलच, असे करारात कुठेच लिहिलेले नाही. म्हणून हिशेब नेहमी मूळ पगारावर करावा. जेवणभत्ता जेवणातच जातो. उरले १,२०० रियाल, म्हणजे २७,६०० रुपये.

आता कपातीचे कलम शोधावे. ते बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते. आपल्या उदाहरणात लिहिले आहे की व्हिसा आणि इकाम्याचा खर्च पहिले दहा महिने दरमहा ३०० रियाल कापला जाईल. इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना. सौदीच्या श्रम कायद्याप्रमाणे कामगार आणण्याचा खर्च, इकामा आणि कामाचा परवाना यांचा खर्च मालकाचाच असतो. म्हणजे हे कलमच चुकीचे आहे. असे कलम दिसले तर ते काढून घेतल्याशिवाय सही करू नये. ते तसेच राहिले तर मुलाच्या हातात ९०० रियाल पडतात. मोबाइल, साबण, औषध यांना ५० रियाल धरले तर घरी पाठवायला ८५० रियाल, म्हणजे १९,५५० रुपये राहतात.

हे पैसे कर्जात कसे जातात ते पाहा. समजा घरच्यांनी दलालाला दीड लाख दिले आणि ते सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिना व्याजाने आणले. पहिल्या महिन्याचे व्याजच ४,५०० रुपये होते. दरमहा १९,५५० रुपये पाठवले तर कर्ज फिटायला नऊ महिने लागतात. तेही मुलगा एक दिवस आजारी पडला नाही आणि पगार एकदाही थांबला नाही तर. सहाव्या महिन्यात काम बंद पडून तो परत आला, तर सावकाराचे साधारण ५२,००० रुपये अजून बाकी असतात. आता तोच मुलगा ३५,४०० रुपये देऊन, कपातीचे कलम काढून गेला असे धरू. त्याचे कर्ज दुसऱ्या पगारात फिटते. पगार तोच, मालक तोच. फरक पडला तो दलालाला दिलेल्या रकमेचा आणि करारातल्या एका ओळीचा.

कर्जासाठी सातबारा कुणाच्या हातात देण्याआधी हेही लक्षात ठेवावे. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे गहाण ठेवता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मध्ये तसे आहे. कोऱ्या स्टँपपेपरवर अंगठा मागणाऱ्याला हे माहीत असते, म्हणूनच तो कोरा कागद मागतो.

दुसरी अडचण पोहोचल्यावर येते. विमानतळावरून खोलीवर नेले की मालकाचा माणूस अरबीतला नवा करार पुढे करतो. पगार कमी, काम वेगळे. तिथल्या कोर्टात अरबी मजकूरच धरला जातो, म्हणून न समजता सही करणे महागात पडते. सौदीत आता करार 'किवा' या सरकारी पोर्टलवर नोंदला जातो आणि कामगाराला तो मोबाइलवर पाहता येतो. तिथला पगार भारतात सही केलेल्या आकड्याशी जुळतो का, ते पाहूनच मान्यता द्यावी. त्यासाठी भारतातल्या कराराची, मंजुरीच्या कागदाची आणि विमा पॉलिसीची एक-एक प्रत घरी ठेवावी आणि फोटो मुलाच्या व घरच्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावेत. कामाचे नावही तपासावे. व्हिसावर 'हाउस ड्रायव्हर', घरकामगार किंवा मेंढपाळ असे असेल, तर वर सांगितलेला सौदी श्रम कायदा त्याला लागत नाही. कंपनीत हेल्पर म्हणून नेतो असे सांगून वाळवंटात शेळ्या-उंट राखायला ठेवतात, त्याची सुरुवात व्हिसावरच्या या एका शब्दातून होते.

शेवटी परतीचे तिकीट. करारात नुसते 'तिकीट कंपनी देईल' असे असेल तर विचारावे, कोणते? जाण्याचे की येण्याचे? सौदीच्या कायद्याप्रमाणे करार पूर्ण झाला की मायदेशी परतीचे तिकीट मालकाने द्यायचे असते. कामगार योग्य कारणाशिवाय मधेच निघाला तर मात्र ते त्याच्या खिशातून जाते. म्हणून करारात 'करार संपल्यावर परतीचे तिकीट मालकाकडून' हे शब्द स्पष्ट हवेत. मालकाने काम बंद केले तर काय, हेही लिहून घेता आले तर बरे. दोन वर्षे पूर्ण करून येणाऱ्याला सेवासमाप्तीची रक्कमही मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार. दोन वर्षांचा एक महिन्याचा पगार होतो. 'फायनल एक्झिट' लागण्याआधी हा हिशेब मागावा, कारण विमानात बसल्यावर तो मिळवणे फार कठीण जाते.

पगार थकला, पासपोर्ट काढून घेतला किंवा तिकीट नाकारले, तर घरच्यांनी दलालाच्या मागे फिरत महिने घालवू नयेत. परराष्ट्र मंत्रालयाची २४ तास चालणारी मदतवाहिनी १८०० ११ ३०९० आहे. लेखी तक्रार 'मदद' पोर्टलवर, madad.gov.in येथे, करता येते. तक्रारीत मुलाचा पासपोर्ट क्रमांक, मालकाचे नाव, तो राहतो त्या शहराचे नाव आणि किती महिन्यांचा पगार बाकी आहे, एवढे तरी लिहावे.