ताळा जुळला, तरी उत्तर चूक

बारावीतल्या भाचीने रात्री पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवला. पान बांधणीकडे वळलेलं, त्या कडेला सावली. खाली तिचा प्रश्न: "मावशी, ताळा जुळतोय, पण पुस्तकातलं उत्तर वेगळं आहे. पुस्तक चुकलंय का?" तिने वहीत उतरवलेलं मॅट्रिक्स असं होतं:

```
1   1   1 | 6
2  -1   1 | 3
1   2   1 | 2
```

रेघेच्या डावीकडचे तीन स्तंभ x, y, z यांचे, उजवीकडे बेरजा. म्हणजे पहिली ओळ x + y + z = 6. एका ओळीची पट दुसरीतून वजा करायची किंवा ओळींची अदलाबदल करायची, इतकंच काम. ही प्रत्येक पायरी उलटी फिरवता येते, म्हणून समीकरणांची उत्तरं बदलत नाहीत.

भाचीचं उत्तर होतं x = -11, y = -4, z = 21. तिन्ही ओळींत घालून पाहिलं, तर खरोखरच 6, 3, 2 आले. आकडेमोड निर्दोष होती. मग मी फोटो मोठा करून पाहिला. छपाईत स्तंभातले आकडे मध्यावर लावलेले होते, पण तिसऱ्या स्तंभातला शेवटचा 1 वरच्या दोन एकांपेक्षा किंचित उजवीकडे सरकला होता. त्याच्या डावीकडे काहीतरी छापलेलं असणार, आणि नेमकी तिथेच सावली होती. तो -1 होता. तिने ताळा घेतला तो वहीतल्या समीकरणांशी, आणि चूक वहीत उतरवतानाच झाली होती. असा ताळा जुळणारच.

आता तिसरी ओळ x + 2y - z = 2. दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट आणि तिसरीतून पहिली वजा केली, मग खालच्या दोन ओळींची अदलाबदल केली:

```
1   1   1 |  6
0   1  -2 | -4
0  -3  -1 | -9
```

तिसरीत दुसरीची तिप्पट मिळवली की -7z = -21, म्हणून z = 3. मागे येत y = 2, x = 1. पुस्तकात हेच होतं.

ताळा नेहमी मूळ समीकरणांत घ्यावा, कारण तो चुकीची जागाही दाखवतो. समजा, दुप्पट वजा करताना रेघेपलीकडचा 3 तसाच राहिला. (मुलांची ही अगदी नेहमीची चूक.) मग x = 43/7, y = -10/7, z = 9/7 येतं. पहिली आणि तिसरी ओळ जुळते, दुसरीत मात्र 3 ऐवजी 15 येतात. फरक 12 चा, म्हणजे वजा करायचे राहिलेले 2 × 6. खोडरबर कुठे चालवायचं ते लगेच कळतं.

भाचीने खिडकीपाशी पान सपाट दाबून सकाळी पुन्हा फोटो काढला. त्यात ती छोटी आडवी रेघ स्पष्ट दिसत होती.