काम संपले; पण हिशेब संपला काय?

“सदर प्रकल्पाचे काम पूर्ण झाल्याने आपली सेवा दि. ३१ डिसेंबरपासून संपुष्टात येत आहे. आपणांस देय रकमेचा तपशील खालीलप्रमाणे.”

पूल, कालवा, रस्ता किंवा इमारतीच्या कामावर रोजंदारीने राबणाऱ्या आपल्या माणसांच्या हातात काम आटोपताना असा कागद पडतो. कधी तोही पडत नाही, मुकादम तोंडीच सांगतो, “उद्यापासून येऊ नका.” त्या मानाने लेखी नोटीस ही चांगलीच गोष्ट. तिच्यावर मालकाने स्वतःच्या सहीने कबूल केलेले असते की हा माणूस अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे कामाला होता. म्हणून ती चुरगळून फेकू नये आणि घाईने तिच्यावर सहीही करू नये. आधी ती घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावी.

वाचताना बहुतेकांची नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते. आम्ही म्हणतो, आधी वरची ओळ पाहा. “काम पूर्ण झाल्याने” हे तीन शब्द उगाच लिहिलेले नसतात. कामावरून कमी करताना कारण लेखी द्यावे लागते आणि त्या कारणावरच भरपाई द्यायची की नाही हे ठरते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा मागे पडला. पण बांधकामाबाबतचा जुना नियम संहितेत तसाच आला आहे. तो असा : इमारत, पूल, रस्ता, कालवा, धरण यांसाठी उभारलेला उद्योग उभारल्यापासून २ वर्षांच्या आत काम पूर्ण करून बंद झाला, तर कामगाराला बंदीची भरपाई मिळत नाही. मात्र काम २ वर्षांच्या पुढे गेले, तर पूर्वसूचना आणि भरपाई दोन्ही मिळतात.

म्हणजे सगळे येऊन ठेपते ते काम सुरू झाल्याच्या तारखेवर. आणि नेमकी हीच तारीख नोटिशीत बहुधा नसते! काम संपल्याची तारीख ठळक, तुमच्या नेमणुकीची तारीख असली तर असली, पण प्रकल्प कधी उभा राहिला याबद्दल अवाक्षर नाही. ती तारीख आपणच शोधायची. सरकारी कामाच्या जागेवर फलक असतो. त्यावर कामाचे नाव, ठेकेदार, रक्कम, मुदत आणि पुष्कळदा कार्यारंभ आदेशाची तारीख असते. आदेश निघणे आणि प्रत्यक्ष साइट उभी राहणे यांत काही आठवड्यांचे अंतर असू शकते, तरी सुरुवात करायला तो फलक फार मोलाचा. काम संपले की तो उखडला जातो. तेव्हा फलक जागेवर आहे तोवरच मोबाइलवर त्याचा फोटो घेऊन ठेवावा.

आता भरपाई कोणाला? ज्याची एक वर्षाची सलग सेवा झाली त्याला. आणि त्या अगोदरच्या १२ महिन्यांत २४० दिवस काम भरले असेल तर सेवा सलग धरतात. पगारी सुट्ट्या या २४० दिवसांत मोजायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितले आहे. बिनपगारी रविवार त्यात धरता येत नाही. नाक्यावरून आठ-पंधरा दिवसांसाठी उचललेल्या मजुराला भरपाईचा हा हक्क नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. केलेल्या कामाची मजुरी मात्र त्याची आहेच.

२४० दिवस भरले हे दाखवायचे कोणी? कामगाराने. २००२ साली कर्नाटकातल्या वनखात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कामगाराचे नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. हजेरीकार्ड, बँकेचे पासबुक, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, गेटपास असे काही तरी पुढे ठेवावे लागते. मालकाकडचा मस्टर हजर करा, अशी मागणीही करता येते आणि ती जरूर करावी. रोज कॅलेंडरवर खुणा करणाऱ्या आमच्या माताभगिनींना लोक हसतात. पण तेच कॅलेंडर मस्टरशी ताडून पाहायला फार उपयोगी पडते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका उड्डाणपुलाची साइट ऑक्टोबर २०२२ मध्ये उभी राहिली. एक भगिनी १ जून २०२३ पासून तिथे रोजंदारीने लागली. दरवर्षी तिचे २४० दिवसांहून जास्त काम भरले. रोज ६५० रुपये. पूल पूर्ण झाला आणि २४ डिसेंबर २०२५ ला तिला नोटीस मिळाली : ३१ डिसेंबर हा शेवटचा दिवस. खाली तपशील : डिसेंबरच्या २४ दिवसांची मजुरी १५,६०० रुपये, वजा उचल ५,००० रुपये, बाकी १०,६०० रुपये. त्याखाली छापलेले वाक्य, “पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला, आता काही येणे नाही.”

बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. चूक आहे ती न लिहिलेल्या ओळींत. साइट उभी राहिल्यापासून काम संपेपर्यंत ३ वर्षांहून जास्त काळ गेला, तेव्हा २ वर्षांची सवलत ठेकेदाराला मिळत नाही. एक महिन्याची लेखी पूर्वसूचना द्यायला हवी होती, दिली एका आठवड्याची. ती पूर्ण दिली नाही, तर त्याऐवजी महिन्याची मजुरी द्यावी लागते : २६ दिवस धरले तर १६,९०० रुपये. भरपाई दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी, आणि वर उरलेला काळ ६ महिन्यांहून जास्त असेल तर त्याचेही एक वर्ष धरायचे. या भगिनीची सेवा २ वर्षे ७ महिने झाली, म्हणून ३ वर्षे. पंधरा दिवसांचे ९,७५० रुपये, त्याची तिप्पट २९,२५० रुपये. स्लॅब ओतायच्या रात्रींचा १६ तासांचा ओव्हरटाइम राहिला होता. तो दुप्पट दराने द्यायचा. आठ तासांचे ६५०, म्हणजे तासाचे ८१ रुपये २५ पैसे. दुप्पट १६२ रुपये ५० पैसे. १६ तासांचे २,६०० रुपये. हे सगळे मजुरीत मिळवले की ६४,३५० रुपये होतात. घेतलेली उचल कबूल करून वजा केली, तर हाती यायला हवेत ५९,३५० रुपये. नोटीस म्हणते १०,६००.

इथे ठेकेदार दुसरा मुद्दा काढतो. “तुमची नेमणूकच प्रकल्प संपेपर्यंत होती. मुदत संपली, तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे.” या म्हणण्याला सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली मोजपट्टी घालून दिली आहे. कर्नाटकात दूरसंचार खात्याच्या केबलच्या कामावर घेतलेल्या रोजंदारी कामगारांचे ते प्रकरण होते. न्यायालय म्हणाले, नुसता प्रकल्प तात्पुरता होता एवढ्याने भागत नाही. प्रकल्प संपताच नोकरी संपेल असा करार असला पाहिजे, नोकरी खरोखर प्रकल्पाबरोबरच संपलेली असली पाहिजे, आणि ही अट कामगाराला कामावर घेतानाच सांगितलेली असली पाहिजे. हे सिद्ध करायचे मालकाने. निकाल जुन्या कायद्याखालचा आहे. पण मुदत संपलेल्या कराराबद्दलची तशीच तरतूद नव्या संहितेतही आहे. तेव्हा शेवटच्या दिवशीच्या नोटिशीत “ठरल्याप्रमाणे” असे लिहिले, तर विचारावे : ठरले केव्हा? पहिल्या दिवशीचा कागद दाखवा.

आणि तो कागद खरोखर निघाला तर? मग दुसरी बाजू उघडते. सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे ठरावीक मुदतीच्या लेखी करारावरील कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी ५ वर्षे थांबावे लागत नाही. एक वर्षाच्या सेवेवरच ती लागू होते. म्हणजे भरपाई मागितली की “मुदतीचा कामगार” आणि ग्रॅच्युइटी मागितली की “साधा रोजंदार”, असे दोन्हीकडून बोलणे मालकाला चालणार नाही. त्याने एक काय ते लेखी सांगावे.

बोनसची ओळ नोटिशीत दिसली नाही तर मात्र लगेच गैरसमज करून घेऊ नये. वर्षात ३० दिवस काम झालेले आणि वेतनमर्यादेत बसणारे कामगार, २० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत, बोनसला पात्र असतात. पण तो हिशेबाचे वर्ष संपल्यावर ८ महिन्यांत द्यायचा असतो. काम सुटले म्हणून तो बुडत नाही. ठेकेदाराकडे आपला बदललेला पत्ता आणि चालू बँक खाते लिहून द्यावे.

पैसे केव्हा मिळायला हवेत? कामावरून कमी केल्यावर किंवा आस्थापना बंद झाल्यावर राहिलेली मजुरी दोन कामाच्या दिवसांत द्यावी, असे वेतन संहिता सांगते. “वरून बिल पास झाले नाही” हे कारण कामगाराला ऐकवायचे नाही. ठेकेदार पळाला तर कामगाराच्या मजुरीची जबाबदारी मूळ मालकावर येते; म्हणून अर्जात ज्याचे काम चालले होते त्याचेही नाव घालावे.

सहीचा प्रश्न सर्वांत नाजूक. घरात चूल पेटायची असते, समोर १०,६०० रुपये असतात, आणि “आधी सही, मग पैसे” म्हणतात. पैसे नाकारा असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. पैसे घ्यावेत, पण सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहावे : “फक्त डिसेंबरच्या मजुरीचे १०,६०० रुपये मिळाले. बाकी मागणी कायम.” लिहिता येत नसेल तर सोबत आलेल्या मुलाने लिहावे, मग अंगठा द्यावा. कोऱ्या कागदावर अंगठा कदापि देऊ नये. लिहू दिले नाही, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने ठेकेदाराला तेवढेच पत्र पाठवून पावती जपावी. नंतर नोटिशीची प्रत, हजेरीचा पुरावा आणि फलकाचा फोटो जोडून सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करावा. मजुरीच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे, कमी केल्याच्या वादाला २ वर्षांची. पण साइट मोडल्यावर साक्षीदार गावोगाव पांगतात, म्हणून पहिल्याच महिन्यात जावे.

जाण्यापूर्वी ठेकेदाराकडून आणखी दोन गोष्टी घ्याव्यात. एक, बांधकामावर ९० दिवस काम केल्याचा दाखला. कल्याणकारी मंडळातल्या नोंदणीला तो लागतो आणि ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यात गेला की मिळणे कठीण. दुसरे, भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर काम सोडल्याची तारीख नोंदवून घेणे. ती तारीख नोटिशीवरच्या तारखेशी जुळते का, तेही तिथेच तपासावे. ठेकेदाराने ती नोंदवलीच नाही, तर शेवटची वर्गणी भरल्यापासून २ महिन्यांनी कामगाराला ती स्वतः ऑनलाइन नोंदवता येते.