संवाद ऐकू येतात, पण कळत नाहीत

आवाज वाढवला की जाहिराती अंगावर येतात, पार्श्वसंगीत खोलीभर घुमतं, पण नायिका दाराशी काय पुटपुटली ते कळतच नाही. रिमोटवरचं आवाजाचं बटण बोलणं, संगीत, गाड्यांची घरघर सगळं एकदमच वाढवतं. बोलण्याचा जो भाग संगीताखाली दबलेला असतो, तो दबलेलाच राहतो. त्याला मोकळं करायचं साधन बहुतेक टीव्हींच्या आतच असतं. त्याचं नाव इक्वलायझर. स्पीकर किंवा साउंडबार विकत घेण्याआधी पंधरा मिनिटं त्याच्यासाठी काढावीत.

आपल्या बोलण्यातला जोर एकीकडे असतो आणि शब्दांची ओळख दुसरीकडे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो, बाईचा १६५ ते २५५च्या. स्वरांचा भरीवपणाही मुख्यतः एक हजार हर्ट्झच्या खालीच असतो. व्यंजनं मात्र बरीचशी दोन हजारांच्या वर ओळखू येतात, आणि ती जात्याच नाजूक असतात. ‘आठ’ आणि ‘साठ’ यांतला फरक एका ‘स’चा, त्या ‘स’ची सळसळ चार हजार हर्ट्झच्या वर असते. ती हरवली की वाक्य ऐकू येतं, आकडा कळत नाही. वय वाढतं तसे कानाला आधी हेच वरचे सूर कमी ऐकू येऊ लागतात. म्हणून घरातले आजोबा “ऐकू येतंय रे, पण बोलतायत काय ते कळत नाही,” म्हणतात तेव्हा ते अगदी नेमकं सांगत असतात.

यात भर टाकतो सपाट टीव्ही. पडद्याभोवती जागाच नसल्याने त्याचे छोटे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. जाड आवाज कोपऱ्याला वळसा घालून आपल्यापर्यंत येतो. बारीक आवाज सरळ जातो, भिंतीवर किंवा टीव्हीखालच्या कपाटावर आपटतो आणि उरलासुरला आपल्याकडे येतो. शिवाय कानाचीही एक खोड आहे. मोठा जाड आवाज वरच्या बारीक आवाजांना सहज झाकून टाकतो, उलट तेवढं होत नाही. म्हणून बोलणं स्वच्छ करायचं तर वरचं चढवण्याआधी खालचं उतरवायचं.

एक उदाहरण घेऊ. ४३ इंची टीव्ही भिंतीवर, समोर दहा-बारा फुटांवर सोफा, आणि तक्रार मालिकेतल्या संवादांची. आधी परत परत लावता येईल असा एक प्रसंग निवडायचा: पार्श्वसंगीत सुरू आहे आणि एक पुरुष व एक बाई बोलत आहेत. मग सेटिंगमधल्या साउंडच्या भागात जाऊन साउंड मोड ‘स्टँडर्ड’ करायचा, कारण कित्येक टीव्हींवर इक्वलायझर याच मोडमध्ये उघडतो. ‘सराउंड’ नावाचं काही चालू असेल तर बंद करायचं; आवाज पसरल्याचा भास करून देताना ते मधोमध असलेलं बोलणंही पातळ करतं.

इक्वलायझर उघडला की उभ्या पट्ट्या दिसतात. त्यांची संख्या आणि आकडे कंपनीप्रमाणे बदलतात. समजा या टीव्हीवर 100Hz, 300Hz, 1kHz, 3kHz आणि 10kHz अशा पाच पट्ट्या आहेत आणि प्रत्येक उणे १० ते अधिक १० पर्यंत सरकते. सगळ्या शून्यावर ठेवून सुरुवात करायची. 100Hz उणे ६ वर आणायची. पार्श्वसंगीतातला ढोलाचा आणि तंबोऱ्यासारखा घुमारा इथे बसतो. 300Hz उणे २ वर; याहून खाली नेली तर आवाज जुन्या टेलिफोनसारखा कोरडा होतो. 1kHz शून्यावरच राहू द्यायची. 3kHz अधिक ३ वर न्यायची, व्यंजनांच्या कडा इथे उठून दिसतात. 10kHz शून्यावर.

आता एकूण आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटेल, तो दोन-तीन घरं वाढवायचा. हे विसरलं तर तुलना फसते, कारण माणसाला दोन आवाजांतला मोठा आवाजच चांगला वाटतो. तोच प्रसंग पुन्हा लावायचा. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचत असतील तर 3kHz एक घर उतरवायची. नुसतीच सिसकारी उरत असेल तर 10kHz उणे २. पुरुषाचा आवाज पोकळ वाटला तर 300Hz शून्याकडे परत आणायची. नाकातून बोलल्यासारखं वाटलं तर 1kHz उणे १. पट्ट्या अधिक ८ वर नेऊ नयेत. छोट्या स्पीकरला ते पेलत नाही, आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज समजायला आणखी कठीण. शेवटची परीक्षा ज्याला कळत नव्हतं त्याची: पडद्याकडे पाठ करून बसायचं आणि ऐकलेलं वाक्य परत म्हणायचं. ओठ दिसत असले की मेंदू उरलेलं भरून काढतो.

त्याच यादीत ‘बॅलन्स’ असतो, आणि त्याच्याबद्दल गैरसमज जास्त. संवाद बहुतेक वेळा डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून सारखेच येतात, त्यामुळे बॅलन्स सरकवून बोलणं संगीतापासून वेगळं होत नाही. त्याचा उपयोग खोलीतली आणि स्पीकरमधली खोट सावरायला. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेऊन बातम्या ऐका, मग पूर्ण उजवीकडे. टीव्ही कोपऱ्यात असेल तर भिंतीलगतची बाजू जास्त घुमते. अशा वेळी बॅलन्स मोकळ्या बाजूला दोन-तीन घरं सरकवला की बोलणं सुटं होतं. एका बाजूला खरखर ऐकू आली तर तो स्पीकर बिघडला आहे, दुरुस्तीपर्यंत दुसऱ्या बाजूवर भागवावं. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यासाठी मात्र बॅलन्सचा फायदा थोडाच होतो, कारण खोलीत दोन्ही स्पीकरांचा आवाज दोन्ही कानांवर पडतो. त्यांची खुर्ची टीव्हीजवळ नेऊन चांगला कान तिकडे करणं जास्त उपयोगी.

एवढं करूनही भागलं नाही, तर दोष कुठे आहे ते बातम्या लावून कळतं. बातम्या स्वच्छ कळतात आणि सिनेमा नाही, तर त्या सिनेमाचं ध्वनिमिश्रणच तसं आहे. तिथे सबटायटल्स लावावीत. सगळ्यांनाच बातम्याही घुमून ऐकू येत असतील, तर उघड्या फरशा आणि काचा आवाज परतवत आहेत. त्या प्रतिध्वनीवर पट्ट्यांचा इलाज नाही, जाड पडदे आणि सतरंजी आहे. आणि बातम्या बाकी सर्वांना कळतात, फक्त एकाला नाही, तर टीव्हीचं सेटिंग तिथेच थांबवून त्या माणसाची श्रवणचाचणी करून घ्यावी.